तयार तास : मराठी ध्वनिवाचनाचा घरगुती व्यवसाय

श्रवणपुस्तकांच्या व्यवहारात निवेदकाचा मोबदला बहुधा ‘तयार तासा’च्या हिशेबाने ठरतो. तयार तास म्हणजे वाचनातील चुका, अडखळणे, खोकला, शेजारच्या कुकरची शिट्टी हे सारे काढून टाकल्यानंतर श्रोत्याच्या कानी पडणारा एक तास होय. तो तयार करण्यात निवेदकाचे चार तास गेले की दहा, याच्याशी प्रकाशकाला कर्तव्य नसते. त्यामुळे घरी बसून हे काम करणाऱ्याची खरी मिळकत आवाजाच्या गोडव्यावर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती एका तयार तासामागे खर्ची पडणाऱ्या श्रमांवर अवलंबून असते. नवशिक्या निवेदकांना ही गोष्ट सहसा पहिले पुस्तक संपत आल्यावर उमगते. ती आधीच उमगावी, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

आकाशवाणीच्या विविध भारतीवर 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून जाहिराती प्रसारित होऊ लागल्या, आणि जाहिरातीतील मराठी आवाजाला नियमित बाजारपेठ मिळाली. त्यानंतर कित्येक वर्षे हे काम मोठ्या शहरांतील ध्वनिमुद्रणगृहांतच होत असे. इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी माणसाचा आवाज कितीही चांगला असला, तरी मुंबई गाठल्यावाचून त्याला गत्यंतर नसे. संगणकावर मुद्रण करून ते आंतरजालाने पाठवणे शक्य झाले, तेव्हा ही अट पुष्कळच सैल झाली. 2017 मध्ये स्टोरीटेल आणि 2018 मध्ये ऑडिबल या सेवा भारतात सुरू झाल्या. त्यांपैकी पहिलीने आरंभापासूनच मराठी पुस्तकांना जागा दिली. 2020 च्या टाळेबंदीत ध्वनिमुद्रणगृहे बंद पडली, तेव्हा घरच्या खोलीत केलेले मुद्रणही, ते पुरेसे स्वच्छ असेल तर, चालू शकते हे सर्वांच्या ध्यानात आले. या ‘पुरेसे स्वच्छ’ शब्दांतच सगळी मेख आहे.

खोलीची शांतता

घरातील मुद्रणाला दोन वेगवेगळे दोष संभवतात आणि त्यांची बहुधा गल्लत केली जाते. एक म्हणजे बाहेरचा आवाज आत येणे, आणि दुसरा म्हणजे निवेदकाचाच आवाज भिंतींवर आपटून मायक्रोफोनमध्ये परत येणे. भिंतीला चिकटवण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या स्पंजच्या चौकोनी पट्ट्या फक्त दुसऱ्या दोषावर, आणि तोही अर्धवटच, उपाय करतात. रस्त्यावरच्या ट्रकची घरघर त्यांनी तसूभरही कमी होत नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेंबद्दल तर बोलायलाच नको. त्यांचा प्रसार त्यांच्या उपयोगापेक्षा फार मोठा आहे.

यामागचे कारण साधे आहे. पदार्थ जितका जाड असेल, तितक्या लांब लहरी तो शोषू शकतो. ‘स’ किंवा ‘श’ यांसारख्या तीक्ष्ण ध्वनींच्या लहरी काही सेंटिमीटरच लांब असतात. त्यांना पातळ स्पंज पुरतो. पण सर्वसाधारण पुरुषी आवाजाचा मूळ स्वर सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांच्या आसपास असतो, आणि शंभर कंपनांच्या ध्वनीची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब भरते. इंचभर जाडीच्या स्पंजातून ती सहज आरपार जाते. म्हणून अशा पट्ट्या लावलेल्या लहान खोलीत आवाजाची धार तेवढी नाहीशी होते, घुमेपणा मात्र कायम राहतो. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा जो आवाज ऐकू येतो, तो यामुळेच.

त्यापेक्षा घरातल्या वस्तू अधिक उपयोगी पडतात. कापसाची गादी उभी करून निवेदकाच्या पाठीमागे ठेवावी, कारण मायक्रोफोनचे तोंड त्याच दिशेला असते आणि मागच्या भिंतीवरून परतणारा ध्वनी त्यात सरळ शिरतो. दोन्ही बाजूंना दुहेरी गोधड्या भिंतीपासून वीतभर पुढे टांगाव्यात. कापड आणि भिंत यांच्यामधल्या पोकळीने शोषण वाढते. खाली सतरंजी, आणि शक्य असल्यास डोक्यावरही एक जाड रजई असावी. कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारे उघडी ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसणे हीदेखील वाईट युक्ती नव्हे. खोलीच्या अगदी मध्यभागी किंवा कोपऱ्यात मात्र बसू नये. या दोन्ही ठिकाणी खोलीचा अंगभूत घुमारा विपरीत रीतीने प्रकट होतो. जमले की नाही हे पाहण्यासाठी एकच टाळी वाजवावी. टाळीच्या पाठीमागे पत्र्यासारखी झणझण ऐकू आली, तर कोठेतरी दोन उघड्या भिंती समोरासमोर आहेत असे समजावे.

बाहेरून येणाऱ्या आवाजावर मात्र गोधडीचा उपाय नाही. तो अडवण्यासाठी वजनदार भिंती आणि हवाबंद दारे लागतात, आणि भाड्याच्या घरात ते बहुधा शक्य नसते. तेव्हा येथे वेळेची निवड हाच खरा उपाय ठरतो. खिडक्यांच्या फटी बंद कराव्यात, पंखा आणि शीतकपाट बंद ठेवावे, आणि वस्ती कोणत्या वेळी निजलेली असते याची आठवडाभर नोंद करावी. काही वस्त्यांत रात्री अकरा ते एक हा काळ चांगला असतो. पहाट शांत वाटते खरी, पण दूधवाला, पाण्याची मोटर आणि वसंत ऋतूत कोकिळा यांचा विचार केल्यावर ती तितकी भरवशाची राहत नाही. उन्हाळ्यात पंख्यावाचून वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसवत नाही. त्याप्रमाणेच बैठकी आखाव्यात.

शांततेचे मोजमापही करता येते. अंकीय मुद्रणात आवाजाची कमाल मर्यादा शून्य डेसिबल मानतात आणि त्याखालील पातळ्या उणे अंकांनी दाखवतात. ऑडिबलच्या निर्मात्यांसाठी ठरवलेल्या नियमांत खोलीचा मूळ गोंगाट उणे 60 डेसिबलपेक्षा खाली, वाचनाची सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 यांच्या दरम्यान, आणि सर्वोच्च टोक उणे 3 च्या आत असावे लागते. इतर प्रकाशकांच्या अपेक्षा थोड्याफार निराळ्या असतील, परंतु सरावासाठी हे माप उत्तम आहे. ऑडॅसिटी हा विनामूल्य कार्यक्रम संगणकावर घेऊन, न बोलता अर्धा मिनिट मुद्रण करावे, तेवढा भाग निवडावा आणि `Analyze` या यादीतील `Measure RMS` चालवावे. मात्र वाचनाची पातळी योग्य ठेवूनच हे मोजावे, नाहीतर मायक्रोफोनचा आवाज कमी करून कोणीही आपली खोली शांत असल्याचे सिद्ध करील.

मायक्रोफोन आणि चूक दुरुस्त करण्याची रीत

मायक्रोफोनच्या निवडीवर नवशिके जितका विचार करतात, तितका करण्याचे कारण नाही. कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन बारकावे टिपतो. पण ते खोलीचेही टिपतो. डायनॅमिक जातीचा त्या मानाने बधिर असतो, जवळून बोलावे लागते आणि त्याला आवाज वाढवणारे चांगले यंत्र लागते. मात्र रस्त्यालगतच्या घरात तोच पुष्कळदा कामाला येतो. संगणकाला सरळ जोडता येणारा साधा मायक्रोफोन गोधड्यांच्या आड ठेवून केलेले मुद्रण हे उघड्या खोलीत महागड्या मायक्रोफोनने केलेल्या मुद्रणापेक्षा सरस असते. कान झाकणारे हेडफोन मात्र आवश्यक आहेत, कारण दोष ऐकू आले तरच ते काढता येतात.

मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला असावा. मराठीत महाप्राण व्यंजने विपुल असल्यामुळे हा सल्ला विशेष महत्त्वाचा आहे. ‘भ’, ‘फ’, ‘ध’, ‘ख’ उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो, आणि तो सरळ पडद्यावर आदळला तर मुद्रणात ‘धप्प’ असा आवाज उमटतो. तोंडासमोर तळहात धरून ‘भाऊ’ आणि ‘फळ’ हे शब्द उच्चारले की झोताची दिशा कळते. समोर जाळीचा पडदा ठेवल्यास आणखी बरे. कागदाची पाने उलटण्याऐवजी संहिता पडद्यावर वाचावी. बांगड्या, घड्याळ आणि कडक कांजीचे कपडे काढून ठेवावेत.

वाचनात चूक होणारच. कुशल निवेदकही दर पानाला एक-दोनदा अडखळतो. प्रश्न आहे तो चूक झाल्यावर काय करावे, हा. एक रीत अशी, की न थांबता एक टाळी वाजवावी आणि ते वाक्य आरंभापासून पुन्हा वाचावे. ध्वनीच्या आलेखात टाळीचा उंच काटा दुरूनही दिसतो, आणि संपादनाच्या वेळी चुकीची जागा शोधत बसावे लागत नाही. दुसऱ्या रीतीत चूक होताच काही सेकंद मागे जाऊन, आधीचे शब्द ऐकत ऐकत, योग्य ठिकाणापासून वरच पुन्हा मुद्रण केले जाते. ऑडॅसिटीत तिला `Punch and Roll Record` असे नाव आहे. या रीतीने बैठक लांबते, परंतु बैठक संपते तेव्हा प्रकरण जवळजवळ सलग तयार असते. दीर्घ पुस्तकांसाठी दुसरी रीत शिकून घेणे हिताचे; जाहिरातीसाठी पहिली पुरते.

प्रत्येक बैठकीत दहा-पंधरा सेकंद निव्वळ शांततेचे मुद्रणही करून ठेवावे. संपादनात श्वास किंवा खुट्ट आवाज काढल्यावर जी पोकळी राहते, ती याच शांततेने भरायची असते. तेथे कोरी अंकीय शांतता ठेवली, तर श्रोत्याला वाक्यामध्येच यंत्र बंद पडल्याचा भास होतो. उलट, गोंगाट पुसणाऱ्या उपायांचा अतिरेकही घातक असतो. ते थोडे वापरले तर चालतात; अधिक वापरले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि शब्दांच्या शेवटी धातूची किणकिण ऐकू येते. असा डाग एकदा लागला की तो निघत नाही, म्हणून मूळ मुद्रण नेहमी निराळे जपावे.

संहितेची पूर्वतयारी

मराठी लेखन उच्चाराच्या बाबतीत पुष्कळ विश्वासार्ह आहे, पण सर्वस्वी नाही, आणि ज्या जागी ते फसवते त्या जागी निवेदकाची परीक्षा होते. ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ या अक्षरांना दोन-दोन उच्चार आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व असेल तर ‘ज’ तालव्य, आणि ‘जग’ म्हणजे ‘जिवंत राहा’ अशी आज्ञा असेल तर तो दंततालव्य. ‘माझा’मधला ‘झ’ आणि ‘माझी’मधला ‘झ’ सारखे नव्हेत. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. परंतु इंदूर, भोपाळ किंवा दिल्ली येथे शाळा हिंदीत झालेल्या मराठी भाषकाच्या जिभेवर तालव्य उच्चार नकळत सर्वत्र पसरतो, ‘फळ’मधला ‘फ’ ओठांऐवजी दातांवर जातो, आणि स्वतःच्या कानाला ते जाणवतही नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या वाचनाची दोन पाने महाराष्ट्रात वाढलेल्या एखाद्या नातेवाइकाकडून ऐकून घ्यावीत. ‘बोलणे बाहेरचे वाटते का?’ एवढाच प्रश्न विचारावा.

आकड्यांचा निर्णयही आधीच करावा लागतो. 1857 हे साल ‘अठराशे सत्तावन्न’ असे वाचतात, तर 1,857 रुपये ही रक्कम ‘एक हजार आठशे सत्तावन्न’ होईल. 1,250 रुपये कोणी ‘बाराशे पन्नास’ म्हणेल, कोणी ‘साडेबाराशे’. दोन्ही बरोबर, पण एका पुस्तकात एकच पद्धत शोभते. भाषांतरित पुस्तकात परकी विशेषनामे, कंसातील मजकूर, तळटीपा आणि कोष्टके यांची भर पडते. निवेदकाने सारे पुस्तक एकदा मनात वाचून अशा जागांची यादी करावी आणि प्रकाशकाला मुद्रणापूर्वीच विचारावी. पुस्तक निम्मे मुद्रित झाल्यावर नायकाच्या आडनावाचा उच्चार निराळा असल्याचे समजणे, याइतका महागडा शोध या व्यवसायात दुसरा नाही.

एका पुस्तकाचा हिशेब

इंदूरमधील एका शिक्षिकेला पावणेदोनशे पानांचे चरित्र वाचण्याचे काम आले आहे, अशी कल्पना करावी. पुस्तकाची शब्दसंख्या 48,000 आहे. दर सांगण्यापूर्वी तिने पुस्तकातील मधली काही पाने घेतली, घड्याळ लावून पाच मिनिटे वाचली आणि वाचलेले शब्द मोजले. ते 600 भरले, म्हणजे वेग मिनिटाला 120 शब्द. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जात असल्यामुळे शब्द लांब होतात. इंग्रजी वाचनाचे वेग येथे लागू करू नयेत. 48,000 ला 120 ने भागल्यावर 400 मिनिटे, म्हणजे 6 तास 40 मिनिटे तयार वाचन निघते.

आता श्रम. पुस्तक वाचून याद्या करण्यात 8 तास गेले. तिचा सराव बेताचा असल्यामुळे एका तयार तासासाठी अडीच तास मुद्रण लागले, म्हणजे 16 तास 40 मिनिटे. संपादनाला तासामागे 3 तास, म्हणजे 20 तास. शेवटी पुस्तक हाती धरून सर्व वाचन एकदा ऐकणे आणि सुटलेल्या चुका टिपणे यांत 7 तास 20 मिनिटे. एकूण 52 तास झाले. तयार तासाला 3,000 रुपये असा दर ठरला होता असे धरू. हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतलेला आहे, प्रत्यक्ष दर प्रकाशकागणिक बदलतात. पुस्तकाचे 20,000 रुपये झाले आणि श्रमाच्या तासाला सुमारे 385 रुपये पडले.

हेच काम तिने पंखा चालू ठेवून आणि गोधड्यांवाचून केले असते, तर प्रत्येक वाक्याच्या मागची घरघर आणि घुमारा काढण्यात संपादन तासामागे 5 तासांवर सहज गेले असते. मग एकूण श्रम 65 तासांच्या पुढे जातात आणि तासाला मिळणारी रक्कम सुमारे 306 रुपयांवर येते. शिवाय काम नापसंत होण्याची भीती निराळीच. याच्या उलट, चूक होताच दुरुस्त करण्याची रीत अंगवळणी पडून मुद्रण दीड तासावर आणि संपादन दोन तासांवर आले, तर तेच पुस्तक सुमारे 39 तासांत होते आणि तासाला पाचशेहून अधिक रुपये पडतात. दर न वाढवता मिळकत वाढवण्याचा हा मार्ग आहे, आणि पहिल्या दोन-तीन पुस्तकांत तोच एक मार्ग खुला असतो.

कामाची मुदत सांगताना घशाचाही विचार हवा. दिवसाला दोन तासांहून अधिक मुद्रण केल्यास सायंकाळचा आवाज सकाळच्या आवाजाशी जुळत नाही. या हिशेबाने वरील पुस्तकाच्या केवळ मुद्रणाला नऊ दिवस लागतील. ‘आठवड्यात देते’ असे सांगून बसणे बरे नव्हे.

जाहिरातीचे निराळे गणित

जाहिरातीत तासांचा प्रश्न नसतो. तेथे सेकंद मोजले जातात आणि संहिता बहुधा हिंदी किंवा इंग्रजीवरून घाईघाईने उतरवलेली असते. तीस सेकंदांत सहज वाटेल असे साठ-पासष्ट मराठी शब्द मावतात. अखेरीस वस्तूच्या नावाची धून तीन सेकंदांची असेल, तर चोपन्न-अठ्ठावन्नच. संहिता ऐंशी शब्दांची आली, तर घाईने वाचून ती कोंबण्यापेक्षा कोणते शब्द गाळता येतील हे निवेदकाने नम्रपणे सुचवावे. दिल्ली किंवा बंगळूरच्या संस्थेत त्या जाहिरातीच्या दहा भाषांपैकी मराठी ही एक असते, आणि तेथे मराठी जाणणारा माणूस असेलच असे नाही. अशा वेळी निवेदक हाच मराठीचा शेवटचा तपासनीस ठरतो.

त्याने काय तपासावे? हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत ती दंडाला म्हणतात. शाळेच्या जाहिरातीत हा शब्द तसाच राहिला तर पालक आपली मुले दुसऱ्या शाळेत घालतील. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीतील एका ‘हम’साठी मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, आणि त्यांपैकी एकात ऐकणारा सामील असतो, दुसऱ्यात नसतो. बँकेने ‘आम्ही पुढे जाऊ’ म्हटले तर ग्राहक मागे राहिला असा अर्थ होतो. क्रियापदाचे लिंगही पाहावे. पुरुषासाठी लिहिलेले ‘मी रोज हेच वापरतो’ हे वाक्य स्त्रीच्या हाती तसेच येणे ही नित्याची बाब आहे. अशी एखादी चूक वेळेवर दाखवून देणाऱ्या निवेदकाला पुढच्या वेळी आवाजाची चाचणी सहसा द्यावी लागत नाही.

जाहिरातीचा मोबदला ठरवताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. एक वाचनाचे श्रम, आणि दुसरी त्या वाचनाचा वापर. दहा मिनिटांत वाचलेली ओळ एखाद्या जिल्ह्याच्या चित्रपटगृहांत महिनाभर वाजेल किंवा देशभरच्या दूरचित्रवाणीवर तीन वर्षे. श्रम तितकेच, वापर मात्र कितीतरी पट. म्हणून माध्यम, प्रदेश आणि मुदत हे तिन्ही शब्द लेखी असावेत. 1957 च्या प्रताधिकार कायद्याने सादरकर्त्याचे हक्क मान्य केले आहेत, आणि हक्क सोपवण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, व प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत, असे धरण्याची तरतूद त्यात आहे. गिऱ्हाईक ‘सर्व हक्क, सर्व काळासाठी’ असे लिहून आणते तेव्हा ही सोय उरत नाही. त्या शब्दांची किंमत वेगळी मागावी, किंवा ते खोडून घ्यावेत.

गिऱ्हाईक आणि करार

काम देणारे लोक एका जागी सापडत नाहीत. श्रवणपुस्तकांसाठी प्रकाशक आणि निर्मितीसंस्था, जाहिरातींसाठी संस्था आणि भाषांतर करून देणारी ध्वनिमुद्रणगृहे, आणि यांच्याखेरीज दूरध्वनीवरील सूचना, शिकवणीची ध्वनिचित्रे, सराफाची दिवाळीची जाहिरात, निवडणुकीच्या रिक्षावरची घोषणा अशी बारीकसारीक कामे असतात. नवशिक्याचा खर्च सुरुवातीला या बारीक कामांतूनच निघतो, ती कमी लेखू नयेत. सर्वांना एकच नमुना पाठवणे मात्र चुकीचे आहे. जाहिरातीचा नमुना मिनिटभराचा, तीन-चार निरनिराळ्या वृत्तींचा असावा, आणि पहिल्या पाच सेकंदांतच आवाज यावा. त्याआधी संगीत वाजवू नये. पुस्तकाचा नमुना तीन ते पाच मिनिटांचा, सलग आणि संवाद असलेला असावा, कारण एवढा वेळ एक सूर टिकतो का, हेच निर्मात्याला ऐकायचे असते.

नमुन्यासाठी मजकूर निवडताना प्रताधिकाराकडे लक्ष द्यावे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या प्रकाशित लेखनावरील प्रताधिकार संपतो. हरि नारायण आपटे किंवा साने गुरुजी यांचे मराठी लेखन त्यामुळे खुले आहे. भाषांतराला मात्र स्वतंत्र प्रताधिकार असतो. मूळ लेखक दोनशे वर्षांपूर्वीचा असला तरी अलीकडच्या भाषांतरकाराची परवानगी लागते. ही गोष्ट अनुभवी मंडळीही विसरतात.

‘नोंदणी शुल्क भरा, मग काम देऊ’ असे म्हणणाऱ्यास उत्तर देण्याचीही गरज नाही. चाचणी म्हणून संपूर्ण जाहिरात वाचून मागणारा गिऱ्हाईक बहुधा तीच जाहिरात फुकट वापरतो. त्याला पंधरा सेकंद पाठवावेत, आणि वस्तूचे नाव त्यातून गाळावे.

काम ठरल्यावर एका पानाचे पत्र पुरते. त्यात तयार तासाचा दर, अंदाजे तास, काम देण्याची तारीख, आगाऊ रक्कम आणि दुरुस्तीची अट असावी. वाचनातील चूक निवेदकाने विनामूल्य सुधारावी. संहिताच बदलली तर त्याचा आकार वेगळा, हे स्पष्ट लिहावे. पैसे रखडण्याचा त्रास या व्यवसायात जुना आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उपक्रमाचे देणे करारात ठरलेल्या दिवसापर्यंत द्यावे लागते, आणि तो दिवस काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. सेवा पुरवणाऱ्या एकट्या माणसालाही ‘उद्यम’ नोंदणी करता येते आणि ती विनाशुल्क असते. तिचा क्रमांक देयकावर छापलेला असावा. देयकातून गिऱ्हाईकाने कर कापून घेतला तर ती रक्कम बुडाली असे मानू नये. ती निवेदकाच्या नावे सरकारात जमा होते, आणि विवरणपत्र भरताना तिचे श्रेय मिळते.

दुरुस्त्यांची यादी पुष्कळदा महिन्याभराने येते, आणि तोवर गादी जागेवर गेलेली असते, गोधड्या पांघरल्या जात असतात. महिन्यानंतर वाचलेले एक वाक्य जुन्या प्रकरणात बसवले की ते ठिगळासारखे उठून दिसते. म्हणून मुद्रण चालू असतानाच मायक्रोफोनच्या आणि खुर्चीच्या पायांच्या खुणा फरशीवर खडूने किंवा चिकटपट्टीने कराव्यात, मांडणीचे एक छायाचित्र घ्यावे, आवाजाच्या बटणाचा आकडा वहीत लिहावा आणि दुरुस्ती दिवसाच्या त्याच वेळी करावी. बसण्यापूर्वी त्या प्रकरणातील आधीचे दोन परिच्छेद हेडफोनवर ऐकावेत, तेच मोठ्याने वाचावेत, आणि दोन्ही सूर जुळले की मगच सुधारलेले वाक्य मुद्रित करावे.